ट्रेच्या फोटोवरून अंडी मोजली, तरी डझनाचा हिशेब जुळत नाही: चूक शोधायची कुठे?

ट्रेचा फोटो येतो, त्यात मधेमधे काही खळगे रिकामे असतात. दर ठरलेला असतो नगाचा, पण समोरचा बोलतो डझनात. म्हणजे आपण फोटोतली अंडी मोजायची, त्यांचे डझन करायचे आणि रक्कम कळवायची. पाच मिनिटांचं काम. तरीही दर दोन-चार ट्रेंमागे एकदा रक्कम जुळत नाही, मग दोघंही फोटो उघडून बोटाने पुन्हा मोजत बसतात. कधी कधी दोघांचीही मोजणी बरोबर निघते आणि रक्कम मात्र वेगळीच राहते. तिथे डोकं फिरतं.

माझ्यावर ही वेळ इतक्यांदा आली की शेवटी मी जुने घोळ एका कागदावर लिहून काढले. तेव्हा लक्षात आलं की चुका दोन अगदी वेगळ्या जागी होतात. पहिली जागा म्हणजे फोटो बघताना, तिथे अंड्यांची संख्याच चुकते. दुसरी जागा म्हणजे संख्येचे डझन करताना, तिथे संख्या बरोबर असून रक्कम चुकते. आपण मात्र प्रत्येक वेळी फोटोच मोठा करून बघतो, कारण चूक ‘दिसेल’ अशी जागा तीच वाटते. माझ्या कागदावरचे निम्मे घोळ फोटोतले नव्हतेच.

म्हणून फोटो उघडण्याआधी एक भागाकार करा. दोन रकमांमधला फरक काढा आणि त्याला एका नगाच्या दराने भागा.

उदाहरणासाठी नगाचा दर 6 रुपये 35 पैसे धरतो. हा आकडा फक्त हिशेबापुरता आहे. मुद्दाम पैसे असलेला घेतला, कारण पूर्ण रुपयांच्या दरात यांतल्या काही चुका लपून राहतात. या दराने डझन होतो 76.20 रुपयांचा. आता दोन रकमांत 12.70 चा फरक आला, तर 6.35 ने भागून उत्तर येतं बरोबर 2. म्हणजे दोन अंड्यांचा वाद आहे, फोटोकडे जा. फरक 2.54 चा आला, तर उत्तर येतं 0.4. अर्ध्याहून कमी अंडं कोणी मोजलेलं नसणार! तेव्हा फोटो बंद करा आणि गुणाकार तपासा. भागाकार पूर्ण अंकात सुटला तर बहुधा मोजणीची चूक, अपूर्णांकात अडकला तर नक्की हिशेबाची चूक. ‘बहुधा’ हा शब्द मी उगीच घातलेला नाही. त्याला एक अपवाद आहे आणि त्या अपवादाने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली, तो पुढे सांगतो.

आधी फोटोचं बघू.

नेहमीचा पुठ्ठ्याचा ट्रे 30 खळग्यांचा असतो, पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत सहा. पण ‘ट्रे म्हणजे तीस’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की आपण खळगे मोजतच नाही. लहान ट्रे असतात, मोठे असतात, काहींत ओळी एकाआड एक सरकवलेल्या असतात, आणि अशा वेळी ‘ओळी गुणिले खळगे’ हा हिशेब लागूच पडत नाही. त्यामुळे पहिलं काम म्हणजे अंड्यांकडे न बघता ट्रेच्या दोन कडांवरचे खळगे मोजणं. एका कडेला सहा, लगतच्या कडेला पाच, आणि चारही कोपरे फोटोत दिसताहेत. एवढी खात्री झाली की मगच तीस म्हणायचं. एखादा कोपरा फोटोबाहेर कापला गेला असेल तर तिथे अंडं आहे की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. मी असा फोटो परत पाठवतो. अंदाजाने ‘असेलच की’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण रिकामे खळगे बरेचदा कडेलाच असतात. अंडी काढणारा हात आधी कडेचीच उचलतो.

आता मोजायची पद्धत. दोन रस्ते आहेत: सरळ अंडी मोजायची, किंवा रिकामे खळगे मोजून तीसमधून वजा करायचे. रिकामे खळगे चार-पाचच असतात म्हणून दुसरा रस्ता सोपा वाटतो, आणि घाईत सगळे तोच धरतात. त्यात अडचण अशी की नजरेतून सुटलेला प्रत्येक रिकामा खळगा आपोआप अंडं ठरतो. तीसमधून वजा करताना न दिसलेली गोष्ट ‘आहे’ धरली जाते. सरळ अंडी मोजताना चूक उलट दिशेने जाते, सुटलेलं अंडं ‘नाही’ धरलं जातं. म्हणून दोन्ही करायचं, पण एकातून दुसरं काढायचं नाही.

माझ्याकडच्या एका ट्रेचा नकाशा असा होता. अंडं असेल तिथे 1, खळगा रिकामा असेल तिथे 0.

```
1 1 1 1 1 1
1 1 0 1 1 1
1 1 1 1 1 1
1 0 1 1 0 1
1 1 1 1 1 0
```

आडव्या ओळींनी अंडी मोजली: 6, 5, 6, 4, 5. बेरीज 26. मग फोटो नव्याने बघत उभ्या ओळींनी फक्त रिकामे खळगे मोजले: 0, 1, 1, 0, 1, 1. बेरीज 4. सव्वीस आणि चार मिळून तीस, म्हणजे ताळा बसला.

इथे ‘फोटो नव्याने बघत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बरेच जण वरच्यासारखा तक्ता भरतात आणि त्याच तक्त्याची आडवी आणि उभी बेरीज करतात. दोन्हीकडे 26 आले की खूश. पण एकाच तक्त्याच्या आडव्या आणि उभ्या बेरजा जुळणारच, तक्त्यात 0 च्या जागी चुकून 1 भरलेला असला तरीही. त्या ताळ्याने फक्त बेरीज तपासली जाते, नजर तपासली जात नाही. नजर तपासायची तर दुसऱ्या मोजणीत वेगळी गोष्ट शोधावी लागते आणि वेगळ्या दिशेने जावं लागतं. पहिल्यांदा अंडी शोधत डावीकडून उजवीकडे, दुसऱ्यांदा खड्डे शोधत वरून खाली.

अंडी आणि खळगे मिळून 29 झाले, तर एक जागा दोन्ही मोजण्यांतून निसटली. 31 झाले, तर एक जागा दोनदा धरली गेली, किंवा खरंच एक अंडं जास्तीचं आहे. हे दुसरं कारण पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मला पटेचना. ट्रे भरताना हातात एखादं अंडं उरतं आणि ते चार अंड्यांच्या मधल्या बेचक्यात वर ठेवून दिलं जातं. वरून काढलेल्या फोटोत ते बाकीच्यांसारखंच दिसतं, फक्त ओळीत बसत नाही, दोन ओळींच्या मधे येतं आणि जरासं मोठं भासतं, कारण ते कॅमेऱ्याच्या जवळ असतं. तीसमधून खळगे वजा करणाऱ्याला हे अंडं कधीच सापडत नाही. त्याच्या हिशेबात तीसच्या वर काही असूच शकत नाही.

आता डोळा नेमका कुठे फसतो ते पाहू.

सर्वांत जास्त फसवतो तो तिरका फोटो. ट्रे टेबलावर आणि फोटो काढणारा समोर उभा, त्यामुळे जवळची ओळ मोठी आणि मोकळी दिसते, लांबची ओळ दाटीवाटीची. पुढचं अंडं त्याच्या मागच्या खळग्याला झाकतं. तो खळगा रिकामा असला तरी दिसत नाही, आपल्याला सलग अंडीच दिसतात. अशा फोटोत मी अंड्यांचे माथे बघतो. एका ओळीतल्या अंड्यांचे माथे साधारण एका रेषेत असतात. रेषेत मधेच खाच पडली असेल आणि त्या खाचेतून मागच्या ओळीतल्या अंड्याचं पोट खालपर्यंत दिसत असेल, तर त्या जागी खळगा रिकामा आहे. अंड्याचा फक्त माथा दिसला तर त्याच्या पुढे कोणीतरी उभं आहे, पोट दिसलं तर पुढची जागा मोकळी आहे. हा नियम मागच्या ओळींसाठी फार उपयोगी पडतो. शेवटच्या ओळीच्या मागे मात्र अंडं नसतं, त्यामुळे तिथे ट्रेची मागची कड किती दिसते ते बघावं लागतं. कड सलग दिसली की समोरचा खळगा रिकामा.

दुसरी फसगत सरळ वरून काढलेल्या फोटोतही होते, आणि ती मजेशीर आहे. पुठ्ठ्याचा रंग आणि तपकिरी अंड्याचा रंग जवळजवळ सारखा असतो. रिकामा खळगाही गोल, अंडंही गोल. एक आत गेलेलं, एक बाहेर आलेलं. फोटो सपाट असल्यामुळे ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे आपला मेंदू सावलीवरून ठरवतो, आणि ठरवताना प्रकाश वरून येतोय असं गृहीत धरतो. फोटोत प्रकाश खालच्या बाजूने आलेला असेल, म्हणजे खिडकी फोटोच्या खालच्या कडेला असेल, तर खड्डा फुगीर दिसू शकतो आणि फुगीर गोष्ट खड्डा. चंद्रावरच्या विवरांचे फोटो उलटे धरले की ती टेकड्यांसारखी दिसतात, तसलाच हा प्रकार.

यावर उपाय अगदी सोपा आहे. फोटो फिरवा. ज्या अंड्याबद्दल शंकाच नाही असं एक पकडा, त्याची उजळ बाजू कोणती ते बघा, आणि ती बाजू वर येईल असा फोटो फिरवून ठेवा. आता प्रत्येक अंडं वरच्या बाजूला उजळ आणि खाली काळपट दिसेल. रिकाम्या खळग्यात उलट असतं. प्रकाशाकडची भिंत सावलीत जाते आणि समोरच्या भिंतीवर उजेड पडतो, म्हणजे वर काळपट आणि खाली उजळ. शंकेच्या जागी हे एकदा तपासलं की वाद उरत नाही. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत मात्र ही सावलीच पुसली जाते, म्हणून फ्लॅश नको असं मी फोटो पाठवणाऱ्यांना सांगून ठेवलंय. पांढऱ्या ट्रेतल्या पांढऱ्या अंड्यांचा फोटो भगभगीत आला असेल, तर फोनमध्येच उजळपणा कमी करून बघा. बरेचदा कडा परत दिसायला लागतात. पण फोटो काढतानाच सगळं पांढरंफटक जळून गेलं असेल, तर तिथे काही उरलेलंच नसतं आणि उजळपणा कमी करून ते परत येत नाही.

पुठ्ठ्याच्या ट्रेमधले उभे सुळकेही कामाला येतात. चार खळग्यांच्या मधे एक सुळका असतो. भरलेल्या भागात अंड्यांच्या फटीतून सुळक्याचं फक्त टोक दिसतं. खळगा रिकामा असला की त्याच्या भोवतीच्या सुळक्यांची आतली उतरण दिसते आणि मधे चार कोनांची काळपट जागा तयार होते. नवशिक्या माणसाची गंमत अशी होते की दोन-तीन शेजारचे खळगे रिकामे असले तर मधला सुळकाच गोल टोकामुळे त्याला अंडं वाटतो. सुळका खळग्यांच्या मधोमध असतो, अंडं खळग्यात असतं. तेव्हा कडेपासून ओळ धरून आलात तर ही चूक होत नाही. मधूनच मोजायला सुरुवात केली तर होते.

फोनवर फोटो आपोआप फिरतो, हेही ध्यानात ठेवा. पाठवणारा म्हणतो ‘दुसऱ्या ओळीत तिसरा खळगा रिकामा’, आणि तुमच्याकडे फोटो आडवा पडलेला असल्यामुळे तो भलत्याच जागी दिसतो. संख्या काही बदलत नाही, पण दोघं दोन वेगवेगळ्या खळग्यांबद्दल भांडत राहतात. ट्रेच्या एका कोपऱ्याजवळ काहीही ठेवून फोटो काढला, चमचा किंवा पेनाचं टोपण, की तो कोपरा पहिला. मग फोटो कसाही फिरो.

एवढं करून 26 हा आकडा पक्का झाला. आता तो दुसऱ्या जागी कसा बिघडतो ते बघा.

26 म्हणजे दोन डझन आणि दोन सुटी. हे वहीत किंवा फोनच्या गणकयंत्रात लिहिताना आपण सहज 2.2 लिहितो. लिहिणाऱ्याच्या मनात त्या टिंबाचा अर्थ ‘दोन डझन, वर दोन’ असा असतो. गणकयंत्राला तो अर्थ ठाऊक नाही. त्याच्या लेखी 2.2 म्हणजे दोन पूर्णांक दोन दशांश डझन, म्हणजे 26.4 अंडी. 76.20 ला 2.2 ने गुणलं की येतात 167.64. खरी रक्कम आहे 26 गुणिले 6.35, म्हणजे 165.10. फरक 2.54, आणि तो 6.35 ने भागला की 0.4. वर ज्या अर्ध्याहून कमी अंड्याबद्दल बोललो, ते हेच.

दशांश दहाचा असतो, डझन बाराचा. टिंबानंतर लिहिलेलं प्रत्येक सुटं अंडं 1.2 अंड्यांच्या किमतीला जातं. म्हणजे प्रत्येक सुट्या अंड्यामागे 0.2 अंड्याची जास्तीची आकारणी होते. एक सुटं असेल तर फरक इतका किरकोळ की कोणी विचारत नाही. नऊ सुटी असतील तर जवळजवळ दोन अंड्यांचे पैसे जास्त लागतात. आणि दहा-अकरा सुटी असली की गाडी एकदम उलट्या दिशेला जाते. दोन डझन दहा, म्हणजे 34 अंडी, कोणी 2.10 लिहिली तर यंत्र शेवटचं शून्य टाकून देतं आणि 2.1 धरतं. त्याची होतात 25.2 अंडी. जवळपास नऊ अंडी फुकट गेली! अकरा सुटी असली तर 2.11, म्हणजे 25.32 अंडी, नुकसान आणखी मोठं. एका ट्रेमध्ये 34 येत नाहीत हे खरं, पण 22 आणि 23 येतात, आणि 1.10 किंवा 1.11 लिहिलं की नुकसान तेवढंच.

आता तो अपवाद. ट्रेमध्ये 29 अंडी होती, एकच खळगा रिकामा. दोन डझन पाच. समोरून आलेली रक्कम होती 190.50, माझी 184.15. फरक 6.35, बरोबर एका नगाचा दर! माझ्याच नियमाप्रमाणे ही मोजणीची चूक ठरली. मी फोटो मोठा केला, लहान केला, फिरवला. तो एक रिकामा खळगा रिकामाच होता, सावली उलटी, चारही सुळके दिसत होते. समोरचा माणूसही म्हणत होता, “अहो, मीसुद्धा एकोणतीसच मोजली.” मग पैसे तीसचे कसे?

2.5 असं लिहून. दोन डझन पाच, म्हणून दोन टिंब पाच. आणि अडीच डझन म्हणजे बरोबर तीस अंडी. सुटी पाच असली की 0.2 गुणिले 5, म्हणजे नेमकं एक अख्खं अंडं जास्त धरलं जातं, आणि चूक अपूर्णांकात न अडकता मोजणीच्या चुकीचं सोंग घेऊन येते. एक ते नऊ सुट्यांमध्ये असं फक्त पाचालाच होतं. त्यामुळे आता माझा नियम असा आहे: भागाकार पूर्ण अंकात सुटला आणि सुटी अंडी पाच असली, म्हणजे संख्या 5, 17, 29, 41 यांपैकी असली, तर फोटो उघडण्याआधी ‘तुम्ही टिंब पाच तर नाही ना लिहिलं’ एवढं विचारायचं. 29 चा ट्रे काही दुर्मीळ नाही. एक अंडं काढलेला ट्रे म्हणजे 29च.

यातून सुटका करायची तर क्रम बदलावा लागतो. दर नगाचा ठरलाय, तर रक्कम नगावरूनच काढायची: अंडी गुणिले दर. डझन हे फक्त बोलण्यासाठी. आधी रक्कम, मग त्याच संख्येचे डझन आणि सुटी पाडून सांगायची. डझनाच्या दराने गुणायची गरज उरतच नाही. कोणाला तसंच करून बघायचं असेल तर दोन तुकडे वेगळे ठेवावेत: दोन डझनांचे 152.40, दोन सुट्यांचे 12.70, मिळून 165.10. हा ताळा म्हणून छान आहे. डझनाला खास सवलतीचा वेगळा दर असेल तर मात्र गोष्ट निराळी. तिथे हे दोन तुकडे वेगळे काढावेच लागतात, आणि सुट्यांना कोणता दर लावायचा हे आधी बोलून घ्यावं लागतं.

गोल करण्याची चूक वेगळी ओळखू येते. कोणी नगाचा दर 6.35 चा 6.40 करून घेतला तर 26 अंड्यांचे 166.40 होतात. फरक 1.30. तो दराने भागला तर काहीतरी विचित्र अपूर्णांक येतो, पण अंड्यांच्या संख्येने, 26 ने भागला तर येतात स्वच्छ 5 पैसे. म्हणजे प्रत्येक अंड्यावर पाच पैसे सरकलेत, दर गोल झालाय. दराने भागून काही अर्थ लागला नाही की संख्येने भागून बघायचं. आणि कोणी टिंबाचा घोळ टाळायला म्हणून 26 ला 12 ने भागून 2.17 डझन केले असतील, तर रक्कम 165.35 येते, पंचवीस पैसे जास्त. पद्धत बरोबर, पण भागाकार मधेच छाटला. गोल करायचं ते शेवटच्या रकमेवर, एकदाच.

फोनवर किंवा संगणकावर तक्ता ठेवत असाल तर एवढं पुरतं. दर पैशांत ठेवलाय, म्हणजे मधे टिंबच येत नाही.

```
A2   26
B2   635
C2   =QUOTIENT(A2,12)
D2   =MOD(A2,12)
E2   =A2*B2/100
```

A2 मध्ये अंडी, B2 मध्ये नगाचा दर पैशांत. C2 मध्ये डझन येतील 2, D2 मध्ये सुटी 2, E2 मध्ये रक्कम 165.1. शेवटचं शून्य दिसत नसेल तर त्या चौकटीला दोन दशांश स्थळं दाखवायला सांगा, रक्कम तीच असते. डझन आणि सुटी यांना दोन वेगळ्या चौकटी दिल्यात त्या मुद्दाम. एका चौकटीत 2.2 लिहिलं की वरचा सगळा घोळ परत सुरू. 2-2 लिहून बघाल तर तक्ता त्याची सरळ तारीख करून टाकतो, दोन फेब्रुवारी. हे मी करून बसलोय.

राहिली फोटोच्या बाहेरची गोष्ट. ट्रे एकावर एक रचलेले असतील तर फोटो फक्त सर्वांत वरच्या ट्रेबद्दल बोलतो. वरच्या ट्रेमधला खळगा रिकामा असला तरी पुठ्ठ्याच्या आरपार काही दिसत नाही, आणि बाजूने काढलेल्या फोटोत फक्त कडेची ओळ दिसते. खालचे ‘भरलेलेच असतील’ म्हणून तीस तीस धरले, तर ती मोजणी नाही, समजूत आहे, आणि बिलावर तसं लिहावं. कोणी म्हणेल वजन करून बघू. अंड्याअंड्यांत काही ग्रॅमचा फरक असतोच. तीस अंड्यांत प्रत्येकी तीन ग्रॅमचा फरक धरला तरी 90 ग्रॅम होतात, म्हणजे एका अंड्याच्या वजनाहून जास्त. एक अंडं कमी आहे की नाही हे वजनकाटा सांगू शकत नाही. ट्रे एकेक खाली उतरवून प्रत्येकाचा वेगळा फोटो काढणं हाच मार्ग, कंटाळवाणा असला तरी.

तडकलेल्या अंड्यांचंही आधीच ठरवा. फोटोत ते अंडं आहे, खळगा रिकामा नाही, पण पैसे द्यायचे की नाही हा मोजणीचा प्रश्न नव्हे. मी तक्त्यात त्याला 1 च धरतो आणि शेजारी वेगळा आकडा लिहितो: 26 पैकी तडकलेलं 1. ते बिलातून वगळायचं ठरलं तर A2 मध्ये 25 घालतो. खळग्यांच्या ताळ्यात मात्र ते अंडंच राहतं. तिथे कोणी 0 भरला, की अंडी आणि खळगे मिळून तीस होतात खरे, पण पुढच्या वेळी फोटो बघणाऱ्याला रिकामे खळगे चारच सापडतात आणि तक्त्यात पाच असतात. तिथून पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मी आता उत्तर पाठवताना एकाच ओळीत पाठवतो: ‘खळगे 30, रिकामे 4, अंडी 26, नग 6.35, रक्कम 165.10, म्हणजे 2 डझन आणि 2 सुटी.’ टिंब फक्त पैशांत. समोरच्याला यातला जो आकडा पटत नाही, तो त्याच आकड्यावर बोट ठेवतो. परवा एकाने ‘रिकामे 4’ वर ठेवलं. त्याच्या मते तीन होते. फोटो फिरवून बघितला, शेवटच्या ओळीतला सहावा खळगा, वर काळपट आणि खाली उजळ. चारच होते.